पूर्ण हृदयरोध

पूर्ण हृदयरोध ही हृदयातील विद्युत्-वहनाची विकृती आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, निर्माण झालेला एकही विद्युत् संकेत खालच्या कप्प्यांपर्यंत, म्हणजे निलयांपर्यंत, पोहोचत नाही, अशा स्थितीला ही संज्ञा वापरतात. वैद्यकात तिला तृतीय श्रेणीचा हृदयरोध आणि व्यवहारात ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ असे म्हणतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतील अडथळ्याला बोलीभाषेत ‘ब्लॉकेज’ म्हटले जाते; तो विकार वेगळा आहे. तेथे रक्ताचा मार्ग अडतो, तर हृदयरोधात विजेचा मार्ग अडतो. यामुळेच या विकारावर स्टेंट किंवा बायपास शस्त्रक्रिया हा उपाय नसून, कायमस्वरूपी रोधावर पेसमेकर बसवणे हा मुख्य उपचार आहे.

## वहनाचा नेहमीचा मार्ग

हृदयाचा ठोका उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातील एसए नोड या पेशीसमूहात सुरू होतो. विश्रांतीच्या अवस्थेत हा समूह मिनिटाला साधारणतः ६० ते १०० वेळा संकेत सोडतो. हा संकेत दोन्ही अलिंदांत पसरतो व ती आकुंचन पावतात. अलिंदे व निलये यांच्यामध्ये तंतुमय ऊतीचे कडे असते आणि ते विद्युत्-रोधक असते. त्यामुळे निरोगी हृदयात संकेताला खाली उतरण्यास एकच वाट उरते. ही वाट एव्ही नोडमधून आणि त्यापुढील हिसच्या जुडग्यामधून जाते. जुडग्याच्या उजव्या व डाव्या शाखा आणि शेवटी पुर्किन्ये तंतू हा संकेत निलयांच्या स्नायूत पसरवतात.

एव्ही नोडमध्ये संकेत सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळतो. अलिंदांतील रक्त निलयांत उतरण्यास तेवढा अवधी मिळतो आणि नंतर निलये आकुंचन पावतात. संपूर्ण हृदयाचा ताल या एका अरुंद वाटेवर अवलंबून असल्याने ती तुटली, तर पर्यायी मार्ग उपलब्ध नसतो.

## रोध झाल्यावर काय घडते

वाट पूर्णपणे बंद झाली तरी हृदय बहुधा लगेच थांबत नाही. अलिंदे एसए नोडच्या आज्ञेनुसार पूर्वीच्याच गतीने चालू राहतात. निलयांना वरून संकेत मिळेनासा झाला, की रोधाच्या खालच्या भागातील पेशी स्वतःहून संकेत देऊ लागतात. या राखीव तालाला ‘निसटता ताल’ म्हणतात. अलिंदे आणि निलये अशा रीतीने एकमेकांपासून स्वतंत्र, वेगवेगळ्या गतींनी धडधडू लागतात.

रुग्णाची सुरक्षितता हा राखीव ताल कोठून येतो यावर बरीचशी अवलंबून असते. रोध एव्ही नोडमध्येच असेल, तर हिसच्या जुडग्याच्या वरच्या भागातून मिनिटाला ४० ते ६० ठोके मिळतात आणि हा ताल बऱ्यापैकी स्थिर असतो. रोध जुडग्यात किंवा त्याखाली असेल, तर निलयांतील पेशींकडून मिनिटाला २० ते ४० ठोकेच मिळतात. हा ताल केव्हाही मंदावू किंवा थांबू शकतो. तो काही सेकंद थांबला, तरी मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन रुग्ण कोसळतो. पुन्हा सुरू झाला नाही, तर मृत्यू ओढवतो.

## लक्षणे

चालताना धाप लागणे, थकवा, चक्कर येणे आणि डोळ्यांपुढे अंधारी येणे ही नेहमी आढळणारी लक्षणे होत. नाडी संथ पण नियमित लागते. अलिंद व निलय योगायोगाने एकाच वेळी आकुंचन पावले, की मधली झडप बंद असल्याने अलिंदातील रक्त उलट दिशेने ढकलले जाते आणि मानेतील शीर मध्येच जोराने उसळते.

अचानक शुद्ध हरपण्याच्या झटक्यांना स्टोक्स-ॲडम्स झटके म्हणतात. डब्लिनमधील वैद्य रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये व विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये त्यांची वर्णने केली. झटक्यात रुग्ण पांढराफटक पडतो, कधी हातपाय झाडतो, आणि ठोके परतताच चेहरा लाल होऊन थोड्याच वेळात शुद्धीवर येतो. हातपाय झाडण्यामुळे या झटक्यांना फेफरे समजण्याची चूक होऊ शकते. फेफऱ्यानंतर रुग्ण बराच वेळ गोंधळलेला राहतो. येथे मात्र तो बहुधा लवकर भानावर येतो. झटका चालू असताना नाडी पाहिली, तर ती लागत नाही किंवा अतिशय संथ लागते. झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला ईसीजीही निदानास पुरेसा ठरू शकतो.

## ईसीजीवरून निदान

ईसीजीमध्ये अलिंदांची विद्युत्-क्रिया ‘पी’ तरंगाने आणि निलयांची ‘क्यूआरएस’ या टोकदार आकृतीने दिसते. निरोगी आलेखात प्रत्येक पी तरंगानंतर ०.१२ ते ०.२० सेकंदांनी क्यूआरएस येतो. पूर्ण हृदयरोधात हे नाते तुटते.

उदाहरणार्थ, एका आलेखात पी तरंग दर ०.८० सेकंदाने येत आहेत, म्हणजे अलिंदांची गती मिनिटाला ७५ आहे. क्यूआरएस दर १.७६ सेकंदांनी येत आहेत, म्हणजे निलयांची गती मिनिटाला सुमारे ३४ आहे. प्रत्येक क्यूआरएसच्या आधीच्या पी तरंगापासूनचे अंतर मोजल्यास ते अनुक्रमे ०.२०, ०.३६, ०.५२ आणि ०.६८ सेकंद भरते. पाचव्या क्यूआरएसच्या वेळी मात्र ते एकदम ०.०४ सेकंदावर येते, कारण दरम्यान आणखी एक पी तरंग पुढे सरकून क्यूआरएसला जवळजवळ चिकटलेला असतो.

अंतर वाढत जाणे हे द्वितीय श्रेणीच्या एका प्रकारातही दिसते. तेथे मात्र मधूनच एक ठोका गळतो आणि क्यूआरएसमधील अंतरे अनियमित होतात. वरील उदाहरणात पी तरंग आपापसांत समान अंतरावर आहेत, क्यूआरएसही आपापसांत समान अंतरावर आहेत, आणि या दोन रांगांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. अलिंदांची गती निलयांपेक्षा जास्त असताना हे चित्र दिसले, तर निदान पूर्ण हृदयरोधाचे होते. क्यूआरएस रुंद असल्यास राखीव ताल बहुधा खालून येत असल्याचे आणि म्हणून धोका अधिक असल्याचे समजते.

## कारणे

वयोमानानुसार वहनमार्गातील पेशींची जागा तंतुमय ऊतीने घेणे हे प्रौढांतील प्रमुख कारण आहे. हृदयविकाराचा झटका, हृदयाच्या स्नायूचा दाह, झडपांवरील शस्त्रक्रिया यांमुळेही मार्गाला इजा होते. काही बालकांत रोध जन्मतः असतो. मातेच्या रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे वारेतून गर्भात जाऊन वहनमार्ग नष्ट करतात.

पेसमेकरचा निर्णय घेण्यापूर्वी उलटवता येण्याजोगी कारणे शोधली जातात. बीटा-ब्लॉकर, व्हेरापामिल, डिल्टियाझेम व डिजॉक्सिन ही औषधे एव्ही नोडची वहनक्षमता कमी करतात. मूत्रपिंडे निकामी होऊन रक्तातील पोटॅशियम वाढल्यासही रोध उद्भवू शकतो. हृदयाच्या खालच्या भिंतीला आलेल्या झटक्यानंतरचा रोध बहुधा काही दिवसांत ओसरतो. अशा रुग्णांना तोवर शिरेतून आत सरकवलेल्या तारेद्वारे तात्पुरता पेसमेकर देता येतो.

## पेसमेकरचे कार्य

पेसमेकर तुटलेला मार्ग दुरुस्त करत नाही. तो त्याला वळसा घालतो. सुमारे २० ते ३० ग्रॅम वजनाच्या धातूच्या डबीत बॅटरी व इलेक्ट्रॉनिक मंडल असते. भूल फक्त त्या जागेपुरती देऊन ही डबी बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसवतात. तिच्यापासून निघालेल्या लवचिक तारा, म्हणजे लीड, शिरेतून हृदयात नेतात. दोन लीडच्या उपकरणात एकीचे टोक उजव्या अलिंदात व दुसरीचे उजव्या निलयात टेकवलेले असते.

हे उपकरण सतत दोन कामे करते: हृदयाचा स्वतःचा संकेत ओळखणे आणि गरज पडल्यास स्पंद देणे. वरील उदाहरणातील रुग्णाच्या उपकरणाची किमान गती मिनिटाला ६० व प्रतीक्षाकाल ०.१५ सेकंद ठेवला, असे समजू. अलिंदातील लीडला पी तरंग जाणवताच उपकरण ०.१५ सेकंद थांबते. तेवढ्यात निलयाचा स्वतःचा ठोका आला नाही, तर ते निलयाला स्पंद देते. अशा रीतीने एव्ही नोडचे वहनाचे व रेंगाळण्याचे अशी दोन्ही कामे उपकरण करू लागते. अलिंदे ७५ च्या गतीने चालत असल्याने निलयेही ३४ ऐवजी ७५ च्या गतीने चालू लागतात. जिना चढताना एसए नोडची गती ११० झाली, तर निलयांची गतीही त्याबरोबर ११० होते. यासाठी एक कमाल मर्यादाही ठरवून दिलेली असते, जेणेकरून अलिंदांतील रोगजन्य अतिवेग खाली उतरू नये.

स्पंदाचा जोर मोजून ठरवतात. स्नायूला उद्दीपित करणारे किमान व्होल्टेज शोधून त्याच्या साधारण दुप्पट मूल्य ठेवले जाते. फार कमी ठेवल्यास ठोका चुकण्याची भीती असते. फार जास्त ठेवल्यास बॅटरी लवकर संपते.

## मर्यादा व बिघाड

पेसमेकर हृदयाचा अशक्त स्नायू बळकट करत नाही आणि धमन्यांतील अडथळाही दूर करत नाही. घातक जलद ताल विजेच्या धक्क्याने मोडणारे उपकरण वेगळे असते. उजव्या निलयाला दीर्घकाळ स्पंद दिल्याने काही रुग्णांत डाव्या निलयाची क्षमता घटते. म्हणून अलीकडे लीड थेट वहनमार्गाच्या तंतूंजवळ बसवण्याची पद्धत वापरात आली आहे.

लीड जागेवरून सरकणे हा सुरुवातीच्या आठवड्यांतील महत्त्वाचा बिघाड आहे. अशा वेळी ईसीजीवर स्पंदाची बारीक उभी रेघ दिसते, पण तिच्यामागून क्यूआरएस येत नाही. याउलट, लीडमधील खराबीमुळे उमटणारे किंवा बाहेरून येणारे विद्युत् संकेत उपकरणाने हृदयाचे ठोके समजले, तर ते गरज असतानाही स्पंद देत नाही. पूर्णपणे उपकरणावर अवलंबून असलेल्या रुग्णाला ही स्थिती धोकादायक असते. डबीच्या जागी लाली, सूज किंवा स्राव दिसल्यास जंतुसंसर्गाची शंका घेतात. संसर्ग सिद्ध झाल्यास बहुधा डबी व लीड दोन्ही काढावी लागतात.

बॅटरी साधारणतः ८ ते १२ वर्षे टिकते. ती हळूहळू उतरत असल्याने नियमित तपासणीत आधीच सूचना मिळते आणि डबी बदलता येते. मोबाइल फोन डबीपासून १५ सेंटिमीटरपेक्षा दूर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. दहनाच्या उष्णतेने बॅटरीचा स्फोट होत असल्यामुळे मृत्यूनंतर अंत्यसंस्कारापूर्वी डबी काढून घेणे आवश्यक असते.

## इतिहास

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील करोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांना बसवण्यात आला. ते ४३ वर्षांचे होते आणि पूर्ण हृदयरोधामुळे त्यांना दिवसातून अनेक वेळा स्टोक्स-ॲडम्स झटके येत. उपकरण अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी तयार केले आणि शल्यविशारद ओके सेनिंग यांनी छाती उघडून ते बसवले. पहिले उपकरण काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. पुढील आयुष्यात लार्सन यांना एकूण २६ पेसमेकर बसवले गेले. २००१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू त्वचेच्या कर्करोगाने झाला.