धोंडा केवढा होता?

गोष्ट साधी होती. डोंगरावरून बैलगाडीएवढा धोंडा गडगडत खाली येतो आणि नदीच्या डोहात पडतो. धोंडा दुसऱ्याने काढला होता. पाणी उसळवणं माझ्याकडे आलं होतं. दोन दिवस खपून मी दहा चित्रं काढली. पाच चित्रांत पाणी वर, पाच चित्रांत खाली. प्रत्येक चित्र सुटं पाहिलं तर झकास होतं. आमच्या वरिष्ठांनी ते पडद्यावर चालवून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “सुपारी टाकलीस होय रे?”

चिडलो होतो, पण त्यांचं खरं होतं. पडद्यावर धोंडा राक्षसी दिसत होता आणि पाणी मात्र बादलीत सुपारी पडल्यासारखं ‘चुबुक्’ करून गप्प होत होतं. चित्रात खोट नव्हती. खोट वेळेत होती.

आग, धूर, पाणी, धूळ, वीज हे सगळं हाताने काढून हलतं करणं, हे ॲनिमेशनमधलं वेगळं खातं आहे. त्याला इफेक्ट्स म्हणतात. 1940 सालच्या ‘पिनोकिओ’त देवमाशाने घुसळलेला समुद्र आहे, तो या खात्याचाच. पात्र काढणाऱ्याला चेहऱ्याचा आधार असतो. डोळे, भुवया बघून प्रेक्षक समजून घेतो. पाण्याला चेहरा नाही. ते केवढं आहे, किती जड आहे, हे प्रेक्षकाला कळतं ते फक्त त्याच्या चालीवरून. आणि या बाबतीत प्रेक्षक फार कडक परीक्षक असतो, कारण पाणी आणि विस्तव तो पाळण्यात असल्यापासून बघत आलाय.

सिनेमात एका सेकंदाला 24 फ्रेम जातात. आता हिशेब बघा. काहीही 20 सेंटिमीटर वर उडालं, तर शिखराला पोचायला त्याला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, म्हणजे पाच फ्रेम. उतरायला पुन्हा पाच. माझी दहा चित्रं! मी नकळत वीतभर उसळणारं पाणी काढलं होतं. धोंड्याचं पाणी निदान 3.2 मीटर तरी उडायला हवं होतं, म्हणजे सोळा पट उंच. पण वेळ सोळा पट लागत नाही. गुरुत्वाकर्षणाखाली उंचीच्या वर्गमुळाच्या पटीत वेळ वाढतो, म्हणून चौपट. वर जायला वीस फ्रेम, खाली यायला वीस. सगळं मिळून पावणेदोन सेकंदांना थोडं कमी.

जुन्या चित्रपटांत हौदात खेळण्यातली जहाजं तरंगवून समुद्री युद्धं चित्रित करत, तेव्हा हाच हिशेब उलटा लावत. जहाज खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याचं असेल तर कॅमेरा चौपट वेगाने चालवायचा, मग पडद्यावर लाटा भारदस्त होतात. तरीही पाण्याचे थेंब त्यांची चुगली करतात, कारण थेंब काही सोळा पट लहान होत नाहीत. त्या थेंबांकडे परत येतोच.

हिशेब कळल्यावर मी सोपी वाट धरली. तीच दहा चित्रं घेतली आणि प्रत्येक चित्र चार फ्रेम धरून ठेवलं. चाळीस फ्रेम भरल्या. पाणी आता खरवसासारखं थरथरत, अडखळत वर चढू लागलं. सेकंदाला सहाच चित्रं डोळ्याला जोडता येत नाहीत, ती सुटी सुटी दिसतात. एक चित्र दोन फ्रेम धरणं ही हाताच्या ॲनिमेशनची नेहमीची चाल आहे, ती चालते. पण पाणी सुटतं त्या क्षणी वेग इतका असतो की पहिल्या पाच-सहा फ्रेमना तरी प्रत्येकी नवं चित्र लागतं. शिखराजवळ दोन-दोन फ्रेम धरलेलं खपतं. म्हणजे चित्रं पुन्हा काढणं आलं.

ती कुठे कुठे काढायची, यासाठी एक जुनी सोपी युक्ती आहे. शिखरावरून खाली येणारी वस्तू सारख्या वेळात एक, तीन, पाच, सात, नऊ अशा विषम आकड्यांच्या प्रमाणात अंतर कापते. आधी सुपारीचंच उदाहरण घेऊ. वीस सेंटिमीटर आणि पाच फ्रेम. वरून खाली येताना पहिल्या फ्रेममध्ये थेंब जेमतेम 0.8 सेंटिमीटर खिसकतो, मग 2.4, मग 4, मग 5.6 आणि शेवटच्या फ्रेममध्ये 7.2. वर जाताना हेच उलट्या क्रमाने. कागदाच्या कडेला पेन्सिलीने या खुणा करून ठेवायच्या आणि थेंब त्या खुणांवर बसवायचे. खुणांकडे पाहिलं की कळतं, उडालेलं पाणी आपला निम्मा वेळ वरच्या पाव भागातच घालवतं. नवखा माणूस इथेच चुकतो. तो खुणा सारख्या अंतरावर मारतो, आणि मग पाणी उडत नाही, लिफ्टने वर-खाली जातं.

वेळ बसली की आकार. धोंडा पाण्याला टेकतो त्या पहिल्या चित्रात जवळजवळ काहीच काढायचं नसतं, फक्त भोवती एक पातळ कडं. पुढच्या चित्रांत त्या कड्यातून पाण्याचा पातळ पत्रा बाहेरच्या बाजूला कलत वर उठतो, परातीच्या काठासारखा. त्याच्या कडेला बोटं फुटतात. शिखराजवळ पत्रा ताणून इतका पातळ होतो की त्याला भोकं पडतात. भोकं वाढतात, पत्र्याच्या दोऱ्या होतात, दोऱ्यांचे थेंब. आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच पाहिलं. ठिणगीच्या क्षणभराच्या उजेडात शिंतोडा बघायचा आणि लगेच कागदावर उतरवायचा. त्याची ती चित्रं अगदी समतोल होती, सगळी बोटं सारखी. पुढे फोटो काढता आले तेव्हा दिसलं की शिंतोडे तसे कधी नसतातच, वेडेवाकडेच असतात. डोळ्याने बघून काढताना त्याचा हात आपोआप नीटनेटकेपणा करत होता. 1908 साली त्याचं शिंतोड्यांवरचं पुस्तक आलं. आमच्या कामात हा वर्दिंग्टनचा रोग अजून आहे. हात सैल सोडला की सारख्या उंचीची सारख्या अंतरावरची बोटं येतात आणि पाण्याला कुंपण घातल्यासारखं दिसतं. म्हणून मी मुद्दाम दोन जाड बोटं एकमेकांना चिकटून काढतो, मग मोकळी जागा, मग एक काडीसारखं बारीक.

दुसरी खूण म्हणजे सगळे थेंब एकदम शिखराला पोचणं. छत्री उघडून मिटल्यासारखं दिसतं ते. काठावरचं पाणी कमी वेगाने सुटलेलं असतं, ते आधी परतायला हवं. सगळ्यात उंच गेलेला थेंब सगळ्यात शेवटी, एकटाच पडतो. आणि थेंबांचं माप सांभाळायचं. पृष्ठताण पाण्याला गोल करतो, पण त्याचं बळ काही मिलिमीटरच्या थेंबांपुरतंच. त्यामुळे बादलीतल्या सुपारीभोवती चार-पाच टपोरे गोल थेंब शोभतात. धोंड्याभोवती तेच काढले की धोंडा पुन्हा सुपारी होतो. तिथे फाटके लोळ हवेत आणि त्यांच्याभोवती बारीक तुषार.

आगीचंही तसंच आहे, फक्त ती पडत नाही. नवखा माणूस ज्वाळेचं टोक धरून तिला पताकेसारखी डावी-उजवीकडे हलवतो. खरं बघायचं असतं ते टोक नव्हे, खाच. जाळाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी हवा आत शिरते, तिथे कंबरेसारखी खाच पडते. ही खाच ज्वाळेच्या कडेने वर सरकत जाते, दोन खाचा भेटल्या की वरचा तुकडा सुटतो, हवेत आक्रसतो आणि दोन-तीन चित्रांत नाहीसा होतो. तोवर खाली नवी खाच पडलेली असते. खाच प्रत्येक चित्रात थोडी वर सरकवत राहिलं की बाकीचं आपोआप येतं. आत पिवळा आकार, बाहेर नारिंगी, बाह्यरेषा नाही. आतला आकार बाहेरच्याच्या मागे एखादं चित्र रेंगाळू द्यायचा.

आगीची लयही तिच्या मापावर ठरते, आणि इथे पुन्हा वर्गमूळच येतं. बुडाशी एक मीटर रुंद असलेल्या होळीतून सेकंदाला साधारण दीड लोळ सुटतो. चुलीतल्या दहा सेंटिमीटर जाळातून पाचच्या आसपास. म्हणजे होळीला एका लोळासाठी सोळा फ्रेम मिळतात, दोन-दोन फ्रेम धरून बरोबर आठ चित्रं. आठ चित्रांचा फेरा पुन्हापुन्हा फिरवला की आग पेटती राहते. पण एकच फेरा फिरवला तर चौथ्या वेळी प्रेक्षकाला कळतं, मग आग न राहता भिंतीवरचा पंखा होतो. तीन वेगवेगळे लोळ काढून त्यांचा क्रम उलटसुलट लावला की निभावतं. निवांत हवेतली समईची ज्योत मात्र हलवूच नये. ती हलली की खोलीतलं दार कुणीतरी उघडलंय, असा अर्थ होतो.

धूर आळशी. आगीचा तुकडा आक्रसत संपतो, धुराचा लोट फुगत संपतो. बुडाशी त्याचा वेग बराच असतो, वर जाईल तसा तो मंदावतो, गोळे मोठे होतात आणि कडेने बाहेरच्या अंगाला वळत खाली गुंडाळतात. शेवटी त्यांना आतून भोकं पडतात. मुलं धूर पुसट करून संपवतात, संगणकावर तेवढं एक बटण दाबायचं असतं. मला ते पळवाटेसारखं वाटतं. भोकं पडून विरलेला धूर नुसत्या पुसट केलेल्या धुरापेक्षा केव्हाही खरा दिसतो.

तर धोंडा. नवीन चित्रं काढली, चाळीस फ्रेम नीट बसवल्या. वरिष्ठांकडे नेण्याआधी घरी भाचीला दाखवलं. तेव्हा ती सात वर्षांची होती. धोंड्याचा थर बंद करून नुसतं पाणी चालवलं आणि विचारलं, यात काय पडलं? ती म्हणाली, “खूप मोठा दगड. पण मामा, तो बुडला कुठे?”

पाणी तर बरोबर उडत होतं. मग लक्षात आलं. काठ बाहेर उसळत असताना मध्ये खड्डा पडलेला असतो. धोंडा खाली जातो, चारी बाजूंचं पाणी खड्ड्यात धावतं, मधोमध आदळतं आणि दुसरी वाट नसल्याने सरळ वर खांब होऊन उसळतं. गावच्या विहिरीत उडी मारणाऱ्या पोरामागून तो खांब उठताना मी शेकडो वेळा पाहिला होता, आणि काढताना मात्र विसरलो होतो. त्या रात्री बाविसाव्या फ्रेमला खांब सुरू केला, दोन मीटर उंच, पंधरा फ्रेम वर, पंधरा खाली. त्याच्या टोकाचा एक गोळा सुटा केला आणि सगळं पाणी खाली बसल्यावर तो एकटा डोहात पाडला.