वारंवार उलटणारी कितनबाधा : डाव्या कुशीतील ‘पिंग’ ऐका

विल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात संकरित होल्स्टिन गाय खुराक नाकारते, वैरण मात्र थोडी खाते, दूध घटते. कितनबाधेच्या उपचाराने ती दोन दिवस सावरते व पुन्हा ढासळते. अशा वेळी डावी बाजू तपासून घ्यावी. शेवटच्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवून शेजारी बोटाने टिचकी मारल्यास धातूच्या भांड्यासारखा ‘पिंग’ नाद आला, तर वायूने फुगलेले चौथे पोट कोठीपोटाच्या डावीकडे सरकल्याची शक्यता असते. कितनबाधेने भूक मंदावते, कोठीपोट रिते राहते व सरकण्यास वाव मिळतो. सरकल्यावर भूक आणखी घटून कितनबाधा बळावते. म्हणून केवळ ग्लुकोज पुरत नाही. गाय लोळवून पोट जागेवर आणले तरी ते बहुधा पुन्हा सरकते. शस्त्रक्रियेत पशुवैद्यक उभ्या गायीला स्थानिक भूल देऊन उजव्या कुशीतून वायू काढतात, पोट जागी आणतात व टाक्यांनी स्थिर करतात. कितनबाधेचा उपचार सोबत सुरूच ठेवावा लागतो.