ओल दिसते एकीकडे, पाणी येतं दुसरीकडून

डोंबिवली पूर्वेला तीस-पस्तीस वर्षांच्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारं एक जोडपं, असं उदाहरण घेऊ. मालक काका ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतात. जानेवारीतल्या एका सोमवारी संध्याकाळी त्यांचा मेसेज येतो : ‘खालच्यांची तक्रार आली आहे. तुमच्या मोरीतून पाणी गळतंय. जरा जपून वापरा.’

हा निरोप मालकांपर्यंत दोन-तीन तोंडांतून आलेला असतो. खालच्या काकूंनी सेक्रेटरींना सांगितलेलं असतं की मोरीच्या छताला ओल आली आहे. सेक्रेटरींनी मालकांना कळवलं की वरून गळतंय. मालकांनी त्यात जपून वापरण्याचा सल्ला आपल्याकडून घातला. खोटं कोणीच बोललेलं नाही. तरी ‘ओल दिसते’ या पाहिलेल्या गोष्टीचं वाटेत ‘तुमचं पाणी गळतं’ असं निदान झालं आणि शेवटी ‘तुम्ही पाणी फार वापरता’ असं कारणही तिला चिकटलं. भाडेकरूने उत्तर द्यायचं आहे ते मूळ गोष्टीला.

सोसायटीने आपल्याशी थेट न बोलता मालकांना कळवलं, याचा अनेक भाडेकरूंना अपमान वाटतो. त्यात अपमान काही नाही. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा सोसायटीचा सभासद नसतो, सभासद मालक असतो, म्हणून तक्रार त्याच्याकडेच जाते. यातून एक व्यवहाराची गोष्ट मात्र निघते. आपलं उत्तर मालक बहुतेक वेळा जसंच्या तसं पुढे पाठवतात. म्हणजे ते सेक्रेटरी वाचणार आणि खालच्या काकूही वाचणार, हे धरूनच लिहायला हवं.

पहिल्या रागात उत्तर साधारण असं जातं : ‘काका, आम्ही दोघंच आहोत. सकाळी सातच्या लोकलने जातो ते रात्री येतो. खालच्यांच्या म्हणण्यानुसार नऊ वाजता जास्त गळतं, तेव्हा आमच्या घरात कोणी नसतं. त्यांच्याकडचंच प्लंबिंग तपासायला सांगा.’ यातली पहिली तीनही वाक्यं खरी असू शकतात, पण शेवटचा निष्कर्ष त्यांतून निघत नाही.

त्याचं कारण मोरीच्या लादीखाली आहे. जुन्या इमारतींत मोरीच्या जागी स्लॅब साधारण फूटभर खाली घेतलेला असतो, त्याला संकन स्लॅब म्हणतात. त्या खळग्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा भरून वर लादी बसवतात. सांडपाण्याची नहाणी ट्रॅप आणि तिच्यापासून डक्टमधल्या उभ्या पाइपापर्यंत जाणारा तुकडा या भरावातच पुरलेला असतो. ट्रॅपचा सांधा सुटला की पाणी आधी भरावात मुरतं, विटा ते धरून ठेवतात, मग जिथे स्लॅबला बारीक चीर असेल तिथून ते खाली उतरतं. सहा वाजता केलेल्या अंघोळीचं पाणी खाली साडेआठ-नऊला दिसू शकतं, तेही ट्रॅपपासून दोन-तीन फूट बाजूला. म्हणून ‘तेव्हा आम्ही घरी नव्हतो’ हे आपल्या बाजूचा पुरावा ठरत नाही. तसंच ‘डाग तुमच्या मोरीखाली आहे’ एवढ्यावरून तुमचीच मोरी गळते असंही सिद्ध होत नाही, कारण डक्टमधला फुटका पाइप भिंतीतून तोच कोपरा भिजवू शकतो.

पाणी जपून वापरण्याचा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो, पण गळतीशी त्याचा संबंध फार थोडा आहे. सांधे घट्ट असतील तर दहा बादल्या ओतल्या तरी थेंब खाली जात नाही, आणि सांधा सुटलेला असेल तर एका बादलीतलंही पाणी झिरपतं. वापर कमी केल्याने ओल थोडी कमी दिसेल, बिघाड आहे तिथेच राहील. मला विचाराल तर तक्रारीला उत्तर देताना आपण किती पाणी वापरतो हा विषय काढूच नये. तो काढला की बोलणं माणसांच्या सवयींवर जातं आणि पाइप बाजूला राहतो.

मग लिहायचं काय? आधी खाली जाऊन बघायचं. फोनवर वाद घालण्यापेक्षा पाच मिनिटं काकूंच्या मोरीत उभं राहिलं तर पुष्कळ कळतं. त्यानंतरचा मेसेज असा असू शकतो :

‘काका, नमस्कार. तुमचा निरोप काल संध्याकाळी मिळाला. आज सकाळी पाऊण तास उशिराची गाडी धरली आणि साडेसहाला खाली जाऊन आलो. काकूंच्या मोरीच्या छताला डक्टच्या बाजूला साधारण दोन फुटांचा ओला डाग आहे. मी पाहिलं तेव्हा मिनिटाला तीन-चार थेंब पडत होते. काकूंनी सांगितलं की डाग दिवाळीनंतर दिसू लागला आणि साडेआठ-नऊनंतर थेंब वाढतात. आमच्या मोरीत नळ गळत नाहीत, लादी कुठे हललेली नाही. ट्रॅपच्या जाळीभोवतीचा सिमेंटचा सांधा मात्र काळा पडून एका बाजूने सुटलेला दिसतो. फोटो सोबत आहेत, खालचे फोटो काकूंना विचारून काढले. पाणी नेमकं कुठून येतं हे एवढ्यावरून सांगता येत नाही. शनिवारी सकाळी दहा ते रविवारी सकाळी दहा एक साधी चाचणी करतो. काकूंची तयारी आहे, तुमची हरकत नसेल तर तसं कळवा. काकूंना त्रास होतोय, त्यामुळे हे लवकर मार्गी लागावं असं आम्हालाही वाटतं.’

या मेसेजमध्ये ‘आमच्यामुळे नाही’ कुठेही नाही आणि ‘आमच्यामुळे आहे’ असंही नाही. स्वतः पाहिलेलं, काकूंनी सांगितलेलं आणि अजून न कळलेलं, हे तिन्ही वेगवेगळं ठेवलं आहे. सुटलेला सांधा आपल्या विरोधात जाईल म्हणून लपवावासा वाटतो, पण तो आपणच सांगितला की बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. शेवटच्या वाक्याची बऱ्याच जणांना भीती वाटते. काळजी दाखवली म्हणजे चूक कबूल केली, खर्च गळ्यात पडेल, असा समज आहे. ‘त्रास होतोय’ एवढं म्हणणं ही कबुली नव्हे. कबुली होते ती ‘आम्ही दुरुस्त करून देतो’ या शब्दांनी, आणि कारण कळण्याआधी ते लिहू नये.

आता चाचणी. तिला खर्च जवळजवळ नाही, पण ती नीट करावी लागते. शनिवारी दहा वाजता ट्रॅपचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या कापडाने घट्ट बंद करायचं आणि मोरीत इंचभर पाणी साठवायचं. उंबऱ्याची पट्टी त्याहून उंच आहे ना, हे आधी बघायचं. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने खुणवायची. चोवीस तास मोरी वापरायची नाही, नळांची लाइन मात्र चालू ठेवायची. काकूंनी खाली दर काही तासांनी मिनिटाचे थेंब मोजून लिहून ठेवायचे. शुक्रवारच्या वापराचं पाणी भरावात असेल, म्हणून शनिवार दुपारपर्यंत थेंब पडतीलच, ते बघून घाबरायचं कारण नाही.

रविवारी सकाळी जे दिसेल त्यातून उगम उलगडतो. वरची पातळी ठळक खाली गेली असेल तर लादीचे सांधे किंवा कडा गळत आहेत. पातळी तशीच आहे पण खाली थेंब पूर्वीसारखेच चालू असतील तर आपली मोरी संशयातून बरीचशी बाहेर पडते, आणि शोध नळाच्या चालू लाइनकडे किंवा डक्टमधल्या सामायिक पाइपाकडे वळतो, कारण ते दोन्ही दिवसभर वापरात होते. पातळी तशीच आणि थेंब जवळजवळ थांबले, तर ट्रॅपचा बोळा काढायचा. आपल्या उदाहरणात हेच घडतं : पातळी जेमतेम दोन मिलिमीटर उतरते, खाली मिनिटाला एखादाच थेंब उरतो, दहा वाजता बोळा काढून साठलेलं पाणी सोडल्यावर साडेबारापर्यंत थेंब पुन्हा वाढतात. लादी ठीक, नळाची लाइन ठीक, गळती ट्रॅपपासून डक्टपर्यंतच्या तुकड्यात.

काही प्लंबर रंगीत पाणी ओततात. खाली रंग दिसला तर प्रश्न मिटतो, पण नाही दिसला म्हणून मोरी निर्दोष ठरत नाही. विटांच्या भरावातून गाळून येताना रंग फिका पडतो किंवा अडकतो. खालच्या छताचं प्लास्टर फुगलं असेल, लोखंडी सळया उघड्या पडल्या असतील किंवा ओल दिव्याच्या होल्डरपर्यंत पोचली असेल, तर यातलं काहीच करू नये. आधी त्या दिव्याचा स्विच नव्हे, त्या लाइनचा एमसीबी बंद करायचा आणि इंजिनिअरला बोलवायचं.

खर्च कोणाचा, यावर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये विभागणी आहे. पावसाचं पाणी, बाहेरच्या सामायिक पाइपलाइन आणि ड्रेनेज लाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि फ्लॅटच्या आतली संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती त्या सभासदाने, म्हणजे मालकाने. मालक आणि भाडेकरू यांच्यात कोणी काय द्यायचं ते करारात असतं. बहुतेक करारांत किरकोळ देखभाल भाडेकरूकडे आणि मोठी दुरुस्ती मालकाकडे असते, म्हणून दुसरा मेसेज पाठवण्याआधी ते कलम वाचून घ्यावं. भाडेकरूने ट्रॅपमध्ये ॲसिड ओतून किंवा काही तोडून नुकसान केलेलं नसेल, तर जुना सांधा वयाने सुटणं ही सामान्य झीज आहे.

दुसरा मेसेज छोटा पुरतो : ‘काका, चाचणी झाली. चोवीस तासांत मोरीतलं पाणी दोन मिलिमीटर उतरलं, खालचे थेंब जवळजवळ थांबले. ट्रॅप उघडल्यावर अडीच तासांत पुन्हा सुरू झाले. काकूंनी लिहिलेल्या वेळा आणि फोटो पाठवतो. ट्रॅप किंवा तिचा डक्टकडचा पाइप गळत असावा असं वाटतं. तुमच्या ओळखीच्या प्लंबरला दाखवून घ्या. ट्रॅपभोवतीची लादी फोडावी लागेल, मोरी काही दिवस बंद राहील. आम्हाला दोन दिवस आधी कळवलंत तर अंघोळीची सोय बघतो. काम चालू असताना आमच्यापैकी एक जण घरी थांबेल.’

दुरुस्तीनंतर एक तक्रार हमखास येते : काम झालं, तरी डाग आहेच. भरावात आणि स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सुकायला काही आठवडे जातात. काम झालं त्या दिवशी काकूंच्या छतावर डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढून बाजूला तारीख टाकावी, आणि डाग त्या रेघेच्या आत आक्रसत पूर्ण सुकेपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नये.