आधी टॉर्च, मग फवारा

सकाळी सातला रिसेप्शनवर फोन येतो. "अहो, रात्रभर काहीतरी चावत होतं. ढेकूण आहेत तुमच्या खोलीत!" समजा, हॉटेल कोल्हापुरातलं आहे, तीन मजल्यांचं. खोली २०३. नवरात्र असल्यामुळे सगळं भरलेलं. अशा वेळी मॅनेजरला सुचतं ते असं: पाहुण्यांना शेजारच्या २०४ मध्ये हलवायचं, रूम बॉयला चादरी काढायला सांगायचं आणि बाजारातला फवारा मारून मोकळं व्हायचं. खोलीत खरंच ढेकूण असतील, तर एका खोलीचं दुखणं मजलाभर पसरवायचा याहून सोपा मार्ग नाही.

पाहुण्यांशी वाद घालायचा नाही, पण "हो, ढेकूणच आहेत" असंही लगेच कबूल करायचं नाही. अंगावरच्या गांधींवरून कोण चावलं हे डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. ढेकूण चावल्याची खूण काहींच्या अंगावर उठतच नाही, काहींना ती कित्येक दिवसांनी दिसते. म्हणजे चावा आधीच्या मुक्कामातलाही असू शकतो. माफी मागावी, दुसरी खोली द्यावी, मात्र २०३ ला लागून नसलेली. सामान हलवण्याआधी बॅगांच्या शिवणी आणि चेनच्या कडा पाहाव्यात. कपडे पिशवीत बंद करून लॉन्ड्रीत न्यावेत आणि ड्रायरमध्ये जास्त तापमानावर अर्धा तास फिरवावेत. ढेकूण आणि अंडी मारते ती उष्णता, साबण नव्हे.

आता खोली. चादरी कुणी ओढून काढण्याआधी पाहणी व्हायला हवी, कारण ओढताना पुरावाही जातो आणि ढेकूणही ट्रॉलीत पडून फिरायला निघतात. लागतो एक चांगला टॉर्च, एक जुनं एटीएम कार्ड आणि एक स्क्रू ड्रायव्हर. गादीच्या कडेची शिवण, कोपरे, खालच्या बाजूचं लेबल यांवरून कार्ड फिरवत जायचं. पूर्ण वाढलेला ढेकूण चपटा, तपकिरी, पाचसहा मिलिमीटरचा असतो. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, पांढरं आणि चिकटलेलं. जिवंत ढेकूण दिसला नाही तरी काळे ठिपके दिसतात. ओल्या कापसाने पुसल्यावर ते तांबूस-तपकिरी पसरले, तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. टाकलेल्या काती हाही पुरावाच.

हॉटेलांमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पलंगाच्या डोक्याकडच्या फळीकडे. ती भिंतीला पक्की बसवलेली असते आणि रोजच्या सफाईत तिच्यामागे हात जातच नाही. झोपलेल्या माणसाच्या श्वासापासून वीतभर अंतरावर, अंधारात, ढेकणाला आणखी काय हवं! म्हणून स्क्रू ड्रायव्हर. आपल्या २०३ मध्ये गादी जवळजवळ स्वच्छ निघते आणि फळी उतरवल्यावर मागच्या चौकटीत ठिपक्यांची रांग दिसते. आता २०२, २०४, वरची ३०३ आणि खालची १०३ याही खोल्या तशाच तपासायच्या. भिंतीतल्या वायरिंगच्या वाटा ढेकणांना ठाऊक असतात.

चादरी, उशांचे अभ्रे, पडदे यांची गाठोडी खोलीतच पिशवीत बांधून बाहेर काढायची. मग पेस्ट कंट्रोलची माणसं फटींवर गरम वाफ सावकाश फिरवतात. घाई केली तर उष्णता आत पोहोचत नाही आणि वाफेचा झोत जोरात असला तर ढेकूण उडून दुसरीकडे पडतात. त्यानंतर फटींमध्ये औषध. बाजारी फवाऱ्यांत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात आणि ढेकणांच्या अनेक पिढ्यांनी ती पचवली आहेत. धूर सोडणारे डबे तर त्याहून निरुपयोगी, कारण तो धूर फटीत शिरत नाही; उलट ढेकूण बिथरून पांगतात. गादी उन्हात टाकण्याच्या आजीच्या उपायालाही इथे मर्यादा आहे. वरचा थर तापला की ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो.

एका फेरीत काम संपत नाही. औषधातून अंडी बऱ्याचदा वाचतात आणि उबदार हवेत आठवडा ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी, म्हणजे नवी पिल्लं अंडी घालण्याइतकी मोठी होण्याआधीच. तोवर खोली बंद. मालकाला ते भाडं डोळ्यांसमोर दिसत राहतं, हे खरं. पण २०३ चा पुढचा पाहुणा ढेकूण बॅगेत घालून घरी नेईल, तो हिशेब कुठल्याच वहीत येत नाही.

त्याच दुपारी हाउसकीपिंगची बैठक घ्यावी, दहा मिनिटांची. काढलेली फळी तिथेच भिंतीला टेकवून सगळ्यांना ठिपके दाखवावेत. फोटोपेक्षा ते लक्षात राहतात. चादर बदलताना गादीचे चारही कोपरे उचलून पाहायचे, वापरलेली आणि धुतलेली कापडं एका ट्रॉलीत ठेवायची नाहीत, काही दिसलं तर फवारायचं नाही, सुपरवायझरला सांगायचं आणि पाहुण्यांसमोर त्याची चर्चा करायची नाही. आणि ज्या मावशींना ठिपका दिसला त्यांना "इतके दिवस काय करत होता?" असं कुणी विचारायचं नाही. ढेकूण अस्वच्छतेतून येत नाही, सामानातून येतो. एकदा पगार कापला की पुढचा ठिपका कुणाला दिसतच नाही. तो थेट पाहुण्यालाच दिसतो.

दुसऱ्या फेरीनंतर पलंगाच्या पायांखाली पसरट सापळ्याच्या वाट्या ठेवतात आणि फळी पुन्हा उतरवून पाहतात. जुने ठिपके आधीच पुसलेले असल्याने नवा ठिपका लगेच ओळखू येतो. वाट्या रिकाम्या आणि फळी कोरी असेल, तरच २०३ ची चावी पुन्हा रिसेप्शनच्या बोर्डावर जाते. पुढचे काही आठवडे मात्र त्या खोलीतली गादी प्रत्येक चेक-आउटनंतर सुपरवायझरने स्वतः उचलून पाहायची.