कोडिंगआधी किती गणित?

‘बारावीला गणित घेतलं नव्हतं, मग मला कोडिंग जमेल का?’ वाणिज्य आणि कला शाखेतली मुलं हा प्रश्न फार काळजीने विचारतात. गणित म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर कलन, आव्यूह आणि त्रिकोणमितीची लांबलचक सूत्रं येतात. त्यांना मोघम धीर देण्यापेक्षा एक छोटा प्रोग्राम लिहून त्यात नेमकं किती गणित लागतं ते पाहू. घरोघरी येणारं वीजबिल त्यासाठी चांगलं.

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना त्याहून जास्त, त्यापुढे आणखी जास्त. खरे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून सोयीसाठी आपण ५, १० आणि १५ रुपये असे दर धरू. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क या गोष्टी सध्या बाजूला ठेवू. पायथॉन शिकायला नुकतीच सुरुवात केलेली व्यक्ती बऱ्याचदा हा हिशेब असा लिहिते:

```python
def bill(units):
    if units <= 100:
        return units * 5
    elif units <= 300:
        return units * 10
    else:
        return units * 15
```

हा प्रोग्राम बिनतक्रार चालतो. ३४० युनिट दिले की ५१०० हे उत्तर येतं आणि पडद्यावर चूक झाल्याची कोणतीही खूण दिसत नाही. आता तोच हिशेब कागदावर करा. पहिल्या १०० युनिटांचे ५०० रुपये, पुढच्या २०० युनिटांचे २००० आणि उरलेल्या ४० युनिटांचे ६००, म्हणजे एकूण ३१००. प्रोग्रामने २००० रुपये जास्त लावले, कारण त्याने वरचा दर सगळ्याच युनिटांना लावला.

कागदावर पूर्ण हिशेब न करताही ही चूक पकडता येते. टप्पा जिथे बदलतो तिथल्या दोन शेजारच्या संख्या घालून पाहायच्या. १०० युनिटांचं बिल ५०० रुपये येतं आणि १०१ युनिटांचं १०१०. एका युनिटासाठी बिल ५१० रुपयांनी उडी मारत असेल, तर मांडणीतच काहीतरी चुकलं आहे. दुरुस्त केलेला प्रोग्राम असा:

```python
def bill(units):
    if units <= 100:
        return units * 5
    elif units <= 300:
        return 500 + (units - 100) * 10
    else:
        return 2500 + (units - 300) * 15
```

आता १०१ युनिटांचं बिल ५१० येतं, ३०० युनिटांचं २५०० आणि ३०१ युनिटांचं २५१५. यात काय काय वापरलं? गुणाकार, बेरीज, वजाबाकी, कंसाचा नियम, लहान-मोठेपणाची तुलना आणि संख्येच्या जागी एखादं नाव किंवा अक्षर वापरण्याची सवय. हे सगळं आठवीपर्यंत शिकून होतं. त्यात भागाकारातली बाकी मिळवा. १३५ मिनिटांचे तास आणि मिनिटं करायची तर `135 // 60` म्हणजे २ तास आणि `135 % 60` म्हणजे १५ मिनिटं. सम-विषम ओळखायला, लीप वर्ष ठरवायला ही बाकी पुन्हा पुन्हा कामी येते. सुरुवातीचे काही महिने माझ्या मते एवढंच गणित पुरतं. खरा कस लागतो तो कागदावर उत्तर काढून बघण्यात आणि सीमेवरच्या संख्या तपासण्यात. अडलेले विद्यार्थी बहुतेक वेळा इथेच अडलेले असतात, आणि त्याचा बारावीच्या गणिताशी फारसा संबंध नसतो.

उलट, बीजगणितात हुशार असलेली मुलं एका ठिकाणी हमखास अडखळतात. `units = units + 1` ही ओळ समीकरण म्हणून वाचली तर अशक्य आहे. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी कशी असेल? कोडमध्ये मात्र ही आज्ञा असते. उजव्या बाजूचं उत्तर आधी काढायचं आणि ते डाव्या बाजूच्या नावाखाली ठेवायचं. दोन गोष्टी समान आहेत का हे विचारायला `==` वापरतात. हा फरक पक्का होईपर्यंत प्रत्येक ओळीनंतर कोणत्या नावाखाली कोणती संख्या आहे याचा तक्ता हाताने भरावा. वेळ लागतो, पण दुसऱ्या कशानेही ते इतकं पक्कं बसत नाही.

‘आणि’, ‘किंवा’चं तर्कशास्त्रही सुरुवातीलाच लागतं. १२ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील प्रवाशांना सवलत, असं आपण सहज बोलतो. तेच `age < 12 and age > 65` असं लिहिलं तर सवलत कुणालाच मिळणार नाही, कारण एकच प्रवासी एकाच वेळी बालक आणि ज्येष्ठ असू शकत नाही. तिथे `or` हवं.

मग पुढचं गणित कधी लागतं? पहिली गरज सहसा माहितीचा आकार वाढला की जाणवते. समजा, एका यादीत एकच नाव दोनदा आलं आहे का हे शोधायचं आहे आणि त्यासाठी तुम्ही प्रत्येक नावाची इतर प्रत्येक नावाशी तुलना करता. १००० नावांसाठी सुमारे ५ लाख तुलना होतात, त्या संगणक झटकन उरकतो. नावं १ लाख झाली की यादी १०० पट वाढते, पण तुलना सुमारे ५०० कोटी होतात, म्हणजे जवळजवळ १०,००० पट. कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज अडकून पडतो. इथे वर्गाच्या पटीत होणारी वाढ समजून घ्यावीच लागते. त्याच सुमारास लॉगॅरिथमही उपयोगी पडू लागतो. अकारविल्हे लावलेल्या १० लाख नावांत एखादं नाव शोधताना दर वेळी यादीचा अर्धा भाग सोडून दिला, तर जास्तीत जास्त २० पायऱ्यांत शोध संपतो, कारण २ चा २० वा घात १० लाखांहून थोडा मोठा आहे.

आव्यूह आणि विकलन मशिन लर्निंगच्या आत डोकावणाऱ्याला लागतात. संख्याशास्त्र आकडेवारीवरून निष्कर्ष काढणाऱ्याला लागतं. वेबसाइट किंवा दुकानाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करणाऱ्याला यातलं काही वर्षानुवर्षं लागणार नाही, असंही होऊ शकतं.

त्रिकोणमितीची गरज गेम करणाऱ्याला फार लवकर पडते. पडद्यावरचा चेंडू ३० अंशांच्या कोनात, दर वेळी १० ठिपके पुढे न्यायचा आहे असं समजा. आडवं अंतर १० गुणिले कोसाइन ३०, म्हणजे सुमारे ८.६६, आणि उभं अंतर १० गुणिले साइन ३०, म्हणजे ५. इतकं दहावीच्या भूमितीच्या पुस्तकातलंच आहे. पण पायथॉनमध्ये `10 * math.cos(30)` लिहिलं तर ८.६६ ऐवजी १.५४ येतं आणि `10 * math.sin(30)` चं उत्तर उणे ९.८८ येतं. चेंडू तिरका जायचा सोडून जवळजवळ सरळ उभा पळतो, तोही उलट दिशेला. कारण हे फंक्शन कोन अंशांत न घेता रेडियनमध्ये घेतं, आणि ३० रेडियन म्हणजे पावणेपाच फेऱ्यांहून थोडं जास्त. `math.radians(30)` असं आत लिहिलं की चेंडू हव्या त्या दिशेने जातो. ‘रेडियन’ हा धडा उघडायची वेळ तेव्हा आली असं समजावं. त्याआधी तो पाठ करून ठेवण्याची गरज नाही.