पत्रिकेचा खरा दर

छापखान्यात पत्रिकेचा दर विचारला की एकच आकडा मिळतो. त्याचे तुकडे मात्र मागून घ्यावेत. डिझाइन, प्लेट आणि यंत्राची जुळणी यांचा खर्च पत्रिका किती का असेनात, तेवढाच येतो. समजा तो 3000 रुपये आहे. कागद-छपाई 12, आतलं जादा पान 3 आणि पाकीट 5, असे प्रत्येकी 20 रुपये धरू. मग 200 पत्रिका घेतल्यास एक 35 रुपयांना पडते, 500 घेतल्यास 26 रुपयांना. नंतर पन्नास कमी पडल्या, तर जुळणीचा खर्च पुन्हा त्या पन्नासांवरच बसतो. म्हणून पाहुण्यांची यादी घरटी मोजावी, माणशी नव्हे, आणि थोड्या पत्रिका आधीच जास्त घ्याव्यात.

हळदीचं वेगळं पान सगळ्यांना कशाला? जवळच्या घरांपुरतंच छापावं.

जाड आर्ट कार्ड घडीवर तडकतं, म्हणून आधी क्रीझिंग करून घ्यावं आणि नमुना दुमडून पाहावा. पाकिटात मात्र बरेच जण फसतात. पत्रिकेचा आकार तयार पाकिटात बसणारा नसेल, तर पाकीट मुद्दाम बनवावं लागतं आणि कधीकधी ते कागदापेक्षाही महाग पडतं. आधी पाकीट निवडा, मग पत्रिकेचा आकार ठरवा.