बाजूला कमावलं, माथ्यावर गमावलं

लाकडाचा एक भरीव शंकू आहे. तळाची त्रिज्या ९ सेंटीमीटर, उंची १८ सेंटीमीटर. लेथवर चढवून त्यातून एक दंडगोल, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली वृत्तचिती, काढायची आहे. तिचा तळ शंकूच्या तळावरच बसलेला, आणि लाकूड कमीत कमी वाया जायला हवं. मग ती जाड आणि बुटकी काढावी की बारीक आणि उंच?

बहुतेक जण चटकन सांगतात, ‘अर्धी उंची, अर्धी त्रिज्या.’ उत्तर वाईट नाही, पण बरोबरही नाही.

आधी उंची आणि त्रिज्या यांचं नातं शोधू. शंकू माथ्यापासून तळापर्यंत मधोमध उभा चिरला, तर समोर एक त्रिकोण दिसतो आणि त्यात बसलेला आयत. त्या आयताच्या डोक्यावर एक छोटा त्रिकोण उरतो. आयताची वरची कड तळाला समांतर असल्यामुळे हा छोटा त्रिकोण मोठ्याची हुबेहूब लहान आवृत्ती असतो. दोन्ही त्रिकोण समरूप, म्हणून त्यांच्या बाजूंचं प्रमाण एकच. मोठ्यात निम्मा तळ ९ आणि उंची १८, म्हणजे उंची निम्म्या तळाच्या दुप्पट. छोट्यात निम्मा तळ म्हणजे वृत्तचितीची त्रिज्या r, आणि उंची म्हणजे १८ मधून वृत्तचितीची उंची h वजा करून जे उरेल ते. तेही r च्या दुप्पट असलं पाहिजे. म्हणून

h = १८ − २r

त्रिज्या एक सेंटीमीटरने वाढवायची, तर उंची दोन सेंटीमीटरने कमी करावी लागणार. हा या शंकूचा भाव, त्यात घासाघीस नाही.

विद्यार्थी घसरतात ते नेमके इथे. छोट्या त्रिकोणाची उंची म्हणून १८ − h ऐवजी नुसतं h लिहितात आणि h = २r असं समीकरण हाती येतं. चूक ओळखायला सोपी आहे. या समीकरणात r ९ ठेवला की h १८ येतो, म्हणजे शंकूच्या तळाइतकी रुंद आणि शंकूइतकीच उंच वृत्तचिती. तिचं घनफळ शंकूच्या तिप्पट! ती शंकूत कशी मावणार?

आता आकडे घालून बघू. घनफळ म्हणजे π गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. π सगळीकडे सारखाच, म्हणून तो बाजूला ठेवून उरलेला गुणाकारच पाहू. त्रिज्या ३ घेतली तर उंची १२, गुणाकार १०८. ‘अर्धी-अर्धी’ घेतली, म्हणजे त्रिज्या ४.५ आणि उंची ९, तर १८२.२५. त्रिज्या ५ ला २००, ६ ला २१६, ७ ला १९६ आणि ८ ला फक्त १२८. शिखर ६ च्या आसपास आहे हे दिसतंच. पण ते नेमकं ६ वरच आहे की ६.०५ वर, हे अशा चाचपणीतून कधीच ठरणार नाही. इथे कलनशास्त्र लागतं.

कलनशास्त्र म्हटलं की सूत्रं आठवतात. जरा वेळ ती विसरू आणि लाकडाकडेच बघू. समजा, त्रिज्या केसभर वाढवली. वृत्तचितीच्या भोवती सालीसारखा पातळ थर वाढला, ही कमाई. पण उंची त्याच्या दुप्पट घटली, म्हणजे माथ्यावरून एक पातळ चकती गेली, हा तोटा. थर जितका उंच आणि घेर जितका मोठा, तितकी कमाई मोठी. माथ्याचं क्षेत्रफळ जितकं जास्त, तितका तोटा मोठा.

त्रिज्या ५ असताना घेर १०π आणि उंची ८, म्हणून कमाईचा दर ८०π. माथ्याचं क्षेत्रफळ २५π, त्याची दुप्पट ५०π हा तोट्याचा दर. व्यवहार फायद्याचा, अजून रुंद व्हायला हरकत नाही. त्रिज्या ७ असताना कमाई ५६π आणि तोटा ९८π. इथे आपण हात दाखवून अवलक्षण करून बसलो आहोत, मागे फिरायला हवं. आणि त्रिज्या बरोबर ६ असताना कमाई ७२π, तोटाही ७२π. पुढे जाऊन लाभ नाही, मागे येऊनही नाही.

कमाईतून तोटा वजा केल्यावर जे उरतं, तोच घनफळाचा विकलज. कागदावर तेच असं दिसतं: घनफळ π(१८r² − २r³), त्याचा विकलज π(३६r − ६r²), म्हणजेच ६πr(६ − r). तो दोन ठिकाणी शून्य होतो, r ० असताना आणि r ६ असताना. पहिल्या उत्तरात वृत्तचितीची सुईसुद्धा उरत नाही, ते सर्वांत कमी घनफळ. सहाच्या अलीकडे विकलज धन आणि पलीकडे ऋण, म्हणून ६ वर खात्रीने शिखर. त्रिज्या ६, उंचीही ६.

शंकू कोणताही घ्या, उत्तराचं रूप बदलत नाही: त्रिज्या शंकूच्या दोन तृतीयांश, उंची एक तृतीयांश आणि घनफळ शंकूच्या चार नवमांश. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात हेच सिद्ध करायला सांगणारं उदाहरण आहे. याचा अर्थ, उत्तमातली उत्तम वृत्तचिती काढली तरी निम्म्याहून जास्त लाकडाचा भुसाच होतो. ‘अर्धी-अर्धी’त शंकूच्या तीन अष्टमांश लाकूड हाती लागतं, म्हणजे ३७.५ टक्के. उत्तमात सुमारे ४४.४ टक्के.

कारागिराच्या दृष्टीने मला यातली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. हात चुकून त्रिज्या ५.९ झाली, तर गुणाकार २१५.८२. उलट ६.१ झाली, तरी जवळजवळ तेवढाच. मिलिमीटरभर चुकूनही नुकसान हजारात एकापेक्षा कमी. शिखराजवळ कमाई आणि तोटा जवळपास बरोबरीत असतात, म्हणून तिथे घनफळ हलता हलत नाही. हे योहान्स केप्लरच्या लक्षात आलं होतं, तेही न्यूटन आणि लाइब्निट्स यांच्या जन्माआधी. १६१३ साली एफर्डिंगमध्ये त्याचं दुसरं लग्न झालं. त्या सुमारास घरी वाइनची पिंपं आली आणि व्यापाऱ्याने पिंपात तिरकी काठी घालून किंमत ठरवली. ही पद्धत केप्लरला खटकली. काठीचं माप एकच असताना पिंपांचे आकार वेगवेगळे असू शकतात, मग त्यांत मावणारी वाइन सारखी कशी? त्याने सगळं तपासून १६१५ साली पिंपांच्या घनफळावर पुस्तक काढलं. ऑस्ट्रियन पिंपांचा आकार सर्वोत्तमाच्या इतका जवळ निघाला की तो थोडा इकडेतिकडे झाला तरी मापात फारसा फरक पडत नव्हता.

मात्र प्रश्न जरा बदलला की ‘विकलज शून्य करा’ हा मंत्र दगा देऊ शकतो. घनफळाऐवजी तळ, माथा आणि बाजू धरून एकूण पृष्ठफळ सर्वाधिक हवं असेल तर? आपल्या शंकूत ते २πr(१८ − r) येतं. विकलज शून्य केला की उत्तर मिळतं r = ९, आणि त्या जागी उंची शून्य! वृत्तचिती उरतच नाही, राहते ती तळाएवढी सपाट चकती. शंकू याहून बुटका असेल तर विकलजाचं शून्य शंकूच्या बाहेरच पडतं. कारण माथा आणि तळ मिळून रुंदीचा फायदा इतका मोठा असतो की उंचीचं नुकसान त्याला कधीच गाठू शकत नाही. शंकूची उंची तळाच्या व्यासापेक्षा जास्त असेल, तरच या प्रश्नाला खरीखुरी वृत्तचिती मिळते. ९ त्रिज्येच्याच शंकूची उंची २७ केली, तर त्रिज्या ६.७५, उंचीही ६.७५ आणि पृष्ठफळ १८२.२५π. त्याच शंकूतली सपाट चकती १६२π वर थांबते.